चहापाणी, वजन आणि कलम सात

वऱ्हाडातील जुन्या कापूसबाजाराची भाषा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय आणि दस्तुरी हे शब्द नव्याने सांगावे लागत नाहीत. रेल्वेमार्गावर वसलेल्या धामणगावच्या बाजारात शेतकऱ्याची गाडी सुटली, की तिच्या किमतीतून या एकेका नावाने काही ना काही कापले जाई. आणि यांतील मेहनताना कोणता, रिवाज कोणता व निव्वळ उकळणी कोणती, हे त्या बिचाऱ्याला बहुधा उमगत नसे. वऱ्हाडासाठी 1897 साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि कोणती कपात रास्त व कोणती बेकायदा हे हळूहळू रिवाजाऐवजी नियमाने ठरू लागले. व्यवहार तेच राहिले, पण त्यांपैकी काहींच्या अंगावरील रिवाजाचे पांघरूण निघाले. लाचेच्या बोलभाषेचा व कायद्याच्या भाषेचा संबंध याच जातीचा आहे.

दस्तूर म्हणजे वहिवाट, आणि दस्तुरी म्हणजे वहिवाटीने मिळणारा हिस्सा. हा शब्द कंपनीच्या साहेबांच्या इंग्रजीतही इतका रुळला, की 1886 साली निघालेल्या ‘हॉबसन-जॉबसन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याला जागा मिळाली. नजराणा, भेट, बक्षीस हीही त्याच घराण्यातील नावे. ती इतकी प्रतिष्ठित होती, की कंपनीच्या नोकरांनी देशी राजेरजवाड्यांकडून भेटी घेऊ नयेत, असे 1773 च्या नियामक कायद्यात स्पष्ट लिहावे लागले. दक्षिणेत तेलुगू-तमिळ मुलखांत ‘मामूल’ हा शब्द आजही याच अर्थाने चालतो, आणि त्याचाही मूळ अर्थ नेहमीचे, रूढ असलेले, एवढाच आहे. घेणाऱ्याला आपण चोरी करतो असे वाटू नये व देणाऱ्याला आपण गुन्हा करतो असे वाटू नये, ही या शब्दांची खरी कामगिरी होय.

मराठीतील चालू शब्द पाहिले तर त्यांत निरनिराळ्या तऱ्हा दिसतात. ‘चहापाणी’ आणि ‘चिरीमिरी’ रक्कम क्षुल्लक भासवतात. ‘हात ओले करणे’ आणि हिंदीतील ‘मुट्ठी गरम करना’ कृती सुचवितात, पण हेतू सांगत नाहीत. ‘पेटी’ म्हणजे लाख व ‘खोका’ म्हणजे कोटी, हे केवळ आकडे झाकण्याचे बुरखे. आणि ‘वजन’ हा तर कचेरीचा लाडका विनोद. ‘भाऊ, कागद उडून राह्यला, वजन ठेवा नं,’ असे वऱ्हाडी ढंगात कोणी म्हणाला, तर ऐकणाऱ्याला सारे कळते, आणि तरीही म्हणणाऱ्याने पैसा हा शब्द उच्चारलेला नसतो.

कायद्याला मात्र यांपैकी एकही शब्द ठाऊक नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम 161 मध्ये ‘वैध पारिश्रमिकाव्यतिरिक्त परितोषण’ अशी भारदस्त संज्ञा होती. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ते कलम आपल्यात सामावून घेतले, आणि 2018 च्या दुरुस्तीने कलम 7 मध्ये ‘अनुचित लाभ’ ही संज्ञा आणली. हा लाभ पैशातच मोजता यावा, असे बंधन नाही. शिवाय काम नियमाप्रमाणे केले असले तरी ते करण्यासाठी लाभ घेणे हाच गुन्हा होतो. ‘मी काही गैर केले नाही, नियमाचेच काम लवकर केले,’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची, व शिवाय दंडाची.

मग त्या वजनाच्या विनोदाचे न्यायालयात काय होते? समजा, वडील वारल्यावर एका शेतकऱ्याने सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्यासाठी अर्ज केला. तलाठ्याने फेरफार नोंदवावा, संबंधितांना नोटिसा द्याव्यात, हरकतीसाठी पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी, असा हा सरळ मार्ग आहे. त्यात चहापाण्याचा टप्पा कोठेही नाही. तरीही दफ्तरातून ‘वजना’ची सूचना आली आणि शेतकऱ्याने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या अमरावती परिक्षेत्राकडे तक्रार केली, तर तेथे लगोलग सापळा लावला जात नाही. आधी मागणीची पडताळणी होते: पंचासमक्ष व ध्वनिमुद्रण यंत्रासह तक्रारदाराला पुन्हा पाठविले जाते, आणि संभाषणात काम कोणते, रक्कम किती व ती कोणासाठी, हे उमटते की नाही ते पाहिले जाते. ‘वजन’ या एकाच शब्दावर थांबलेले संभाषण दुबळे ठरते. ‘दोन हजार आणा, मग नोंद घेतो’ हे वाक्य मुद्रित झाले, की विनोदाची मागणी झाली.

त्यानंतर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावली जाते, आणि स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविले की ते द्रावण गुलाबी होते. पण गुलाबी पाणी म्हणजे अपराधसिद्धी नव्हे. नोटा केवळ हाती सापडल्या, एवढ्याने भागत नाही. मागणी व स्वीकार दोन्ही सिद्ध झाली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 15 डिसेंबर 2022 रोजी नीरज दत्ता खटल्यात सांगितले. तक्रारदार मृत झाला किंवा उलटला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून ती सिद्ध करता येतात, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.

वशिल्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ओळखीच्या पुढाऱ्याने एक फोन केला आणि त्याबदल्यात कोणालाही काही मिळाले नाही, तर ती लाच नव्हे. फार तर सेवाशिस्तीचा प्रश्न उपस्थित होईल. परंतु ‘साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत,’ असे सांगून एखादा मध्यस्थ स्वतः पैसे घेईल, तर त्याचा वशिला कलम 7अ च्या कक्षेत येतो. ‘हप्ता’ या शब्दाचीही अशीच फोड करावी लागते: पोलिसाने दुकानदाराकडून घेतला तर तो अनुचित लाभ, गुंडाने धमकावून घेतला तर ती खंडणी. आणि एखाद्या खाजगी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने पुरवठादाराकडून घेतलेले ‘कमिशन’ कितीही निंद्य असले, तरी तो लोकसेवक नसल्याने या कायद्यात ते बसत नाही.

इंग्रजीतील ‘स्पीड मनी’ हा शब्द 1964 च्या संथानम समितीच्या अहवालानंतर आपल्याकडे रूढ झाला. फाईल हलविण्यासाठी दिलेल्या अशा किरकोळ रकमांना अमेरिकेच्या 1977 च्या परदेशी लाचविरोधी कायद्यात अपवाद आहे; ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात तो नाही, आणि आपल्या कायद्यातही नाही. म्हणून परदेशी कंपनीच्या हिशेबवहीत जे ‘सुविधाशुल्क’ म्हणून खपेल, ते धामणगावच्या तहसील कचेरीत गुन्हाच ठरते.

वाचकांनी ध्यानी ठेवावे असे एवढेच, की आज देणाराही गुन्हेगार आहे. नाइलाजाने पैसे दिले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच कायदा वाचवितो. देण्यापूर्वी 1064 या क्रमांकावर कळविले, तर पंचनाम्यासह पुढचे काम विभाग करतो. आणि कोणी वजनाची सूचना केलीच, तर हसून निघून न जाता त्याला एवढेच विचारावे: ‘कशाचे, किती आणि कोणासाठी?’