खालच्या ओळीत दोन उत्तरे

आयझॅक न्यूटनने १६६९ साली समीकरण सोडवण्याची आपली रीत समजावताना x³ − २x − ५ = ० हे साधेसे उदाहरण घेतले. x च्या जागी २ ठेवले, तर ८ − ४ − ५ म्हणजे −१ येतात. उत्तर शून्य यायला हवे, म्हणजे खरी किंमत २ पेक्षा किंचित मोठी. न्यूटनने x = २ + p असे मानून सगळे कंस सोडवले आणि p साठी नवे समीकरण मिळवले. कंस सोडवण्याची ती कटकट नववीतला संश्लेषक भागाकार सहज टाळतो.

आधी किंमत काढण्याचे पाहू. बहुपदीत x² चे पद दिसत नाही, पण त्याचा सहगुणक शून्य आहे. म्हणून सहगुणक रूप (१, ०, −२, −५) असे लिहायचे. आता x³ वेगळा, २x वेगळा असे न करता कंसात कंस घालता येतो: ((x + ०)x − २)x − ५. आतून बाहेर येत जायचे. १ ला २ ने गुणून ० मिळवले की २. त्याला २ ने गुणून २ वजा केले की पुन्हा २. त्याला २ ने गुणून ५ वजा केले की −१. कुठेही घात काढावा लागला नाही. दहाव्या कोटीच्या बहुपदीत प्रत्येक पद सुटे काढले, तर गुणाकार ५५ पर्यंत जातात. या रीतीने दहाच लागतात.

हेच काम कोष्टकात असे दिसते:

```
२ |  १    ०   −२   −५
  |       २    ४    ४
  -------------------
     १    २    २   −१
```

शेवटचा −१ ही किंमत झाली. पण तिच्या डावीकडचे १, २, २ हे फेकून द्यायचे आकडे नाहीत. x³ − २x − ५ ला x − २ ने भागले, तर भागाकार x² + २x + २ येतो आणि बाकी −१. हे का होते? भागाकार x² + bx + c आणि बाकी r मानून (x − २)(x² + bx + c) + r हा गुणाकार करून पाहावा. x² चा सहगुणक b − २ होतो आणि तो ० हवा, म्हणून b = ० + २. x चा सहगुणक c − २b, म्हणून c = −२ + २b. शेवटी r = −५ + २c. दर वेळी मागच्या आकड्याची दुप्पट करून पुढचा सहगुणक मिळवायचा, म्हणजे वरचीच कृती.

हा शून्य मात्र विसरायचा नाही. परीक्षेत इथे गुण जाऊ शकतात. १, −२, −५ एवढेच मांडले तर बाकी −५ येते आणि कोष्टक दिसायला अगदी नीटनेटके राहते. x = २ थेट घालून पडताळले की चूक लगेच पकडली जाते. भाजक २x − ३ असेल, तर १.५ घेऊन कोष्टक मांडावे आणि आलेला भागाकार २ ने भागावा. बाकीला हात लावू नये.

आता न्यूटनकडे परत. भागाकाराचे १, २, २ घेऊन पुन्हा २ नेच भागा: १, ४ आणि बाकी १०. मग १, ४ ला भागा: १ आणि बाकी ६. सगळ्या बाक्या गोळा केल्या की नवे समीकरण हातात येते: p³ + ६p² + १०p − १ = ०. न्यूटनने कंस सोडवून मिळवलेले समीकरण हेच! p लहान असल्याने पहिली दोन पदे तूर्त सोडली, तर p अंदाजे ०.१. मग ०.१ घेऊन तीच कृती केली की q³ + ६.३q² + ११.२३q + ०.०६१ = ० मिळते, आणि q सुमारे −०.००५४. म्हणजे x झाला २.०९४६, अचूक उत्तर २.०९४५५१… असे आहे.

ही युक्ती बाथ शहरातला शिक्षक विल्यम हॉर्नर याच्या १८१९ च्या निबंधामुळे त्याच्या नावावर रूढ झाली. पण इटलीत पाओलो रुफिनीने ती १८०४ मध्ये मांडली होती, आणि चीनमध्ये चिन जिउशाओने १२४७ च्या ग्रंथात तिच्याने मोठमोठी समीकरणे सोडवली होती. श्रेय हॉर्नरला जरा जास्तच मिळाले म्हणायचे.

संगणकही बहुपदीची किंमत बहुधा असेच कंस वापरून काढतो, पण एका ठिकाणी ही रीत फसते. (x − २)⁹ चा विस्तार केला तर सहगुणक ५३७६ पर्यंत जातात. x = २.०१ ला खरी किंमत इतकी लहान, की दशांशचिन्हानंतर १७ शून्ये आणि मग १. विस्तारातून जाताना मोठमोठ्या संख्या एकमेकींतून वजा होतात. साधारण १६ अंक धरून ठेवणाऱ्या संगणकात राहून गेलेली बारीक चूक त्या किमतीहून कितीतरी मोठी ठरते आणि उत्तराचे चिन्हही उलटू शकते. अवयव ठाऊक असतील तर विस्तार करूच नये: आधी २ वजा करावे, मग नवव्या घातापर्यंत गुणत जावे.