तीन मिनिटांचा एक्सप्लेनर व्हिडिओ: शूटिंगआधीचं कागदावरचं काम

माझ्या पहिल्या व्हिडिओची आयडिया होती ‘यूपीआय फ्रॉड’. स्क्रिप्ट झाली ४६० शब्दांची. वाचून पाहिली तर चार मिनिटांच्या वर गेली आणि शेवटी नक्की काय सांगितलं, ते मलाच कळेना. मग सगळं खोडून एकच वाक्य ठेवलं: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. तुमचीही आयडिया अशी एका वाक्यात मावत नसेल, तर ती तीन मिनिटांत मावणार नाही.

आउटलाइन

एकूण १८० सेकंद मी असे वाटले:

- ०–२०: जुनी सायकल ऑनलाइन विकायला काढलीय. ‘गिऱ्हाईक’ क्यूआर कोड पाठवतं: “स्कॅन करा, पैसे येतील.”
- २०–६०: स्कॅन केल्यावर काय होतं?
- ६०–१३०: पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढायची परवानगी, म्हणून पैसे जातात.
- १३०–१६५: अशा वेळी काय करायचं?
- १६५–१८०: तेच एक वाक्य पुन्हा.

स्क्रिप्ट किती मोठी?

इंटरनेटवर मिळणारे शब्दांचे आकडे बहुतेक इंग्रजीचे असतात, ते मराठीला जसेच्या तसे लावू नका. त्यापेक्षा आपलाच वेग मोजा. मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्डिंग लावून नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचा आणि शब्द मोजा. माझे ११० आले, म्हणजे तीन मिनिटांचे ३३०. थांबे आणि नुसती दृश्यं यांच्यासाठी ३० कमी केले, उरले ३००. म्हणजे पहिल्या २० सेकंदांना साधारण ३३ शब्द. मनातल्या मनात वाचून मोजू नका, तसं वाचताना वेग वाढतो.

शॉट लिस्ट

वहीत तीन रकाने पाडा: सेकंद, काय दिसेल, काय ऐकू येईल. माझ्या पहिल्या चार ओळी:

1. ०–८: अंगणातली सायकल / “ही विकायची होती.”
2. ८–२०: हातातला मोबाइल, त्यावर चॅट / गिऱ्हाइकाचा मेसेज
3. २०–३५: स्कॅननंतरची स्क्रीन, ‘Pay’ या शब्दावर बोट / “इथे थांबा, हे काय लिहिलंय?”
4. ३५–६०: पिनची स्क्रीन / पुढे काय होतं ते

चौथ्या शॉटला मी अडकलो. बरीच पेमेंट अ‍ॅप्स सुरक्षेसाठी पिनचं पान रेकॉर्ड होऊ देत नाहीत, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसता काळा चौकोन आला. शेवटी ते पान कागदावर काढून वरून शूट केलं. खरा पिन दिसायची भीतीही गेली.

‘काय दिसेल’चा रकाना जिथे रिकामा राहतो, तिथलं वाक्य कापा किंवा कॅमेऱ्याकडे बघून बोला. माझी अशी पाच वाक्यं होती. चार कापली, कुणाला त्यांची उणीव जाणवली नाही.