क्यूआर कोडवरची जमा म्हणजे विक्री नव्हे : दुकानाच्या वहीत रोजचा मेळ कसा घालावा

बंगळुरू : जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील अनेक बेकऱ्या, चहाची दुकाने आणि किराणा दुकानांच्या गल्ल्यावरून क्यूआर कोडचे फलक अचानक नाहीसे झाले. त्यांच्या जागी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लागल्या. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने पेमेंट कंपन्यांकडून २०२१-२२ पासूनची माहिती मिळवली होती आणि ज्यांच्या यूपीआय जमा नोंदणीच्या मर्यादेपलीकडे गेल्या होत्या, अशा दुकानदारांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या होत्या. हावेरी येथील एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांतील १ कोटी ६३ लाख रुपयांच्या जमेवर सुमारे २९ लाख रुपयांची मागणी आली. ताज्या भाजीवर मात्र हा करच नाही.

व्यापाऱ्यांनी २५ जुलै रोजी बंद पुकारला. २३ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली आणि जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, परंतु पात्र दुकानदारांना नोंदणी करावीच लागेल, असे सांगितले. बंद मागे घेण्यात आला. मात्र नोटीस मिळालेल्या दुकानदारांपुढचा खरा प्रश्न पुराव्याचा होता. खात्यात आलेल्या रकमेपैकी विक्री किती आणि इतर किती, हे दाखवणारी वही बहुतेकांकडे नव्हती.

ही वही कशी ठेवावी, हे समजण्यासाठी आधी पैशाचा प्रवास पाहावा लागतो. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा कोड छापून लावला असेल, तर प्रत्येक ग्राहकाची रक्कम स्वतंत्रपणे थेट त्या खात्यात येते. पेमेंट कंपनीने दिलेला व्यापारी कोड असेल, तर अनेक ठिकाणी साउंडबॉक्स लगेच रक्कम पुकारतो, पण पैसे मात्र दिवसभराचे एकत्र होऊन दुसऱ्या दिवशी एकाच आकड्याने बँकेत जमा होतात. या एकत्रित जमेला ‘सेटलमेंट’ म्हणतात. यूपीआयद्वारे बँक खात्यातून दिलेल्या पैशांवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. तरीही साउंडबॉक्सचे भाडे किंवा त्याच कंपनीमार्फत घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता याच जमेतून परस्पर वळता होऊ शकतो. गोंधळाला सुरुवात होते ती इथे.

एक उदाहरण घेऊ. दूध, पाव आणि बिस्किटे विकणाऱ्या एका दुकानात सोमवारी २४,३०० रुपयांची विक्री झाली. त्यातले ६,१०० रुपये रोख आले आणि १८,२०० रुपये कोडवर. मात्र रात्री ॲपमध्ये दिवसाची एकूण जमा १८,९५० रुपये दिसते. हे ७५० रुपये जास्तीचे कुठून आले? शेजारच्या दुकानदाराला रोख हवी होती, म्हणून त्याने कोडवर ५०० रुपये टाकले आणि गल्ल्यातून तेवढ्या नोटा नेल्या. उरलेले २५० रुपये एका ग्राहकाच्या मागील महिन्यातील उधारीचे होते. तो माल दिला त्याच दिवशी विक्रीत धरलेला आहे. म्हणजे या दोन्ही रकमा खऱ्या, पण त्यांतली एकही सोमवारची विक्री नाही.

मंगळवारी सकाळी बँकेत येतात १८,२२५ रुपये. १८,९५० मधून भाड्याचे १२५ आणि कर्जाच्या हप्त्याचे ६०० रुपये कापले गेले आहेत. आता १८,२०० आणि १८,२२५ हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. फरक अवघा २५ रुपयांचा. थकलेला दुकानदार ‘जवळपास जुळले’ असे म्हणून वही मिटतो. प्रत्यक्षात त्या पंचवीस रुपयांच्या आड एकूण १,४७५ रुपयांच्या चार वेगवेगळ्या नोंदी लपलेल्या असतात. दोन रकमा जमा वाढवतात, दोन घटवतात आणि एकमेकींना झाकून टाकतात.

म्हणून मेळ दोन टप्प्यांत घालावा लागतो. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ॲपमधील एकूण जमेची तुलना विक्रीच्या वहीशी करायची आणि फरकाच्या प्रत्येक रकमेपुढे कारण लिहायचे. कारण त्याच रात्री आठवते, आठवड्याने आठवत नाही. सकाळी ॲपमधील सेटलमेंटचा तपशील उघडून एकूण जमा, प्रत्येक कपात आणि निव्वळ रक्कम पाहायची. त्यातला यूटीआर क्रमांक बँकेच्या नोंदीतील क्रमांकाशी जुळला पाहिजे. भाडे खर्चात लिहायचे, हप्ता कर्जाच्या खात्यात. विक्री मात्र १८,२०० रुपये कोडवरची आणि ६,१०० रुपये रोखीची, एवढीच राहते.

गल्लाही याच हिशेबाचा साक्षीदार आहे. सकाळी सुट्ट्यांसाठी २,००० रुपये ठेवले असतील, तर त्यात ६,१०० मिळवून शेजाऱ्याला दिलेले ५०० वजा केल्यावर रात्री ७,६०० रुपये मोजून मिळाले पाहिजेत. गल्ला जुळत असेल आणि कोडवरची जमा विक्रीपेक्षा कमी पडत असेल, तर शंका ग्राहकाच्या मोबाइलवर दाखवलेल्या खोट्या पावतीची, किंवा त्याहून वाईट म्हणजे मूळ कोडवर कोणी दुसराच कोड चिकटवल्याची. गर्दीच्या वेळी साउंडबॉक्स बराच वेळ गप्प राहिला, तर फलक तपासावा.

कधी ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण दुकानदारापर्यंत पोहोचत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्याला करावयाच्या अशा यूपीआय व्यवहाराची रक्कम पाच दिवसांच्या आत ग्राहकाला आपोआप परत मिळायला हवी, अन्यथा बँकेला प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तोवर ती रक्कम वहीत त्या ग्राहकाची उधारी म्हणून लिहिणे योग्य.

आता कराचा मुद्दा. केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर नोंदणी करावी लागते, तर सेवा देणाऱ्याला २० लाखांनंतर. चाळीस लाख हा आकडा मोठा वाटतो, पण ३६५ दिवसांत वाटल्यास तो दिवसाला ११,००० रुपयांहूनही कमी भरतो. वरील उदाहरणातील दुकान ही मर्यादा सहा महिन्यांच्या आतच ओलांडेल. फक्त ताजी भाजी किंवा दूध विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. पण दुधाबरोबर बिस्किटेही विकली, तर दुधाची करमुक्त विक्रीसुद्धा त्या ४० लाखांत मोजली जाते. कर मात्र दुधावर लागत नाही. ही बाब अनेक दुकानदारांच्या लक्षात येत नाही, म्हणून वहीत करमुक्त मालाचा वेगळा रकाना हवा. नोंदणीनंतर, उलाढाल दीड कोटीपर्यंत असल्यास, छोट्या व्यापाऱ्याला एक टक्का कराची कंपोझिशन योजना निवडता येते.

कोड काढून रोखीवर येण्याने यातले काहीच बदलत नाही, कारण उलाढालीत रोख विक्रीही धरली जाते. उपयोग होतो तो दुकानासाठी स्वतंत्र खाते ठेवण्याचा. बहिणीने पाठवलेले पैसे किंवा मित्राने फेडलेली उसनवारी त्याच बचत खात्यात आली, तर चार वर्षांनी ती विक्रीपासून वेगळी काढणे जवळपास अशक्य होते.

वर्षअखेरीस आणखी एक फरक हमखास दिसतो. ३१ मार्चच्या विक्रीचे सेटलमेंट १ एप्रिलला बँकेत येते. बँकेची नोंद नव्या आर्थिक वर्षातली, विक्री मात्र जुन्या वर्षातली. त्या रात्री ॲपमधील शिल्लक ‘पेमेंट कंपनीकडून येणे’ या नावाने वहीत लिहावी आणि दुसऱ्या दिवशी रक्कम जमा झाल्यावर ती नोंद मिटवावी.