मांजराची घुरघुर कशासाठी?

चार-पाच किलोच्या मांजराच्या गळ्यातून निघणारी घुरघुर सेकंदाला साधारण 25 ते 30 कंपनांची, म्हणजे 25 ते 30 हर्ट्झची असते. पुरुषाचा बोलण्याचा खर्जातला आवाजही 100 हर्ट्झच्या आसपास असतो. एवढा खालचा सूर हत्तीसारख्या धिप्पाड प्राण्याला शोभावा. शिवाय म्याव श्वास सोडतानाच निघतो, घुरघुर मात्र श्वास घेतानाही चालू राहते, म्हणून ती सलग ऐकू येते.

हा आवाज स्वरयंत्रातून येतो. 1972 मध्ये रेमर्स आणि गोतिए या शास्त्रज्ञांनी स्वरयंत्राच्या स्नायूंचे विद्युतसंकेत मोजले. घुरघुरताना हे स्नायू सेकंदाला वीस-तीस वेळा आकसतात आणि सैलावतात, असे त्यांना दिसले. स्वरतंतूंमधली फट तितक्याच वेळा मिटते, उघडते आणि हवा तुकड्यातुकड्याने बाहेर पडते. मेंदूच्या तालावर स्नायू नाचतात, हे स्पष्टीकरण पुढची पन्नास वर्षे जवळपास निर्विवाद मानले गेले.

2023 मध्ये त्याला धक्का बसला. व्हिएन्ना विद्यापीठाचे क्रिस्तियान हेर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रे घेतली आणि त्यांतून उबदार, दमट हवा सोडली. मेंदू नाही, नसा नाहीत, स्नायूंची हालचाल नाही. तरीही आठही स्वरयंत्रांतून घुरघुरीच्या पट्टीतला आवाज निघाला. स्वरतंतूंमध्ये तंतुमय ऊतकाच्या छोट्या गाद्या आढळल्या. वजन वाढले की तंतू सावकाश हलतो, आणि इतक्या लहान गळ्यातून एवढा खर्ज निघण्याचे रहस्य बहुधा तिथेच आहे. मात्र कापून काढलेले स्वरयंत्र म्हणजे जिवंत मांजर नव्हे. जिवंतपणी स्नायूही हातभार लावत असतील, ही शक्यता या प्रयोगाने मोडीत निघत नाही.

आवाज कसा निघतो यापेक्षा तो कशासाठी, हा प्रश्न अधिक अवघड. सुरुवात पिलांपासून करावी लागते. जन्मतः पिलांचे डोळे मिटलेले असतात, कानही नीट उघडलेले नसतात. तरी काही दिवसांतच ती दूध पिताना घुरघुरू लागतात, आणि आईही घुरघुरते. तोंड आचळाला लागलेले असताना म्याव करता येत नाही, घुरघुरता येते. जवळच असलेल्या आईला ‘सगळे ठीक आहे, अशीच पडून राहा’ असे सांगायला हा हळू आवाज पुरतो आणि दूरच्या शत्रूला ऐकू जात नाही. मोठेपणी तोच निरोप माणसाच्या मांडीवर बसून दिला जात असावा.

पण मांडीवरची घुरघुर आणि भुकेल्या मांजराची घुरघुर एक नव्हे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकोम्ब यांना त्यांचे मांजर पेपो रोज पहाटे खाण्यासाठी घुरघुरून उठवत असे. त्या आवाजात टाळता न येण्याजोगे काहीतरी आहे, असे त्यांना जाणवले. अनोळखी माणसासमोर मांजरे असे वागत नाहीत, म्हणून त्यांनी दहा मांजरांचे आवाज मालकांकडूनच ध्वनिमुद्रित करून घेतले. मग खाणे मागतानाची आणि निवांत असतानाची घुरघुर सारख्याच पातळीवर पन्नास जणांना ऐकवली. मागणीची घुरघुर लोकांना अधिक निकडीची आणि कमी सुखद वाटली; कधीही मांजर न पाळलेल्यांनासुद्धा.

फरक नेमका कुठे होता? मागणीच्या घुरघुरीत खर्जाखाली एक उंच सूर लपलेला होता, साधारण 380 हर्ट्झचा, म्हणजे तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. तेवढाच सूर ध्वनिमुद्रणातून काढून टाकल्यावर तीच घुरघुर कमी निकडीची वाटू लागली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून असे दिसते की, मांजर बाळाच्या रडण्यासारखा सूर गोड आवाजात मिसळते. रडणाऱ्याला हाकलता येते, घुरघुरणाऱ्याला हाकलवत नाही. मांजराने माणसाला चांगलेच ओळखले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

जखमी, बाळंत होणारी, अगदी मरणासन्न मांजरेही घुरघुरतात. त्यामुळे घुरघुरीच्या कंपनांनी हाडे आणि जखमा लवकर भरतात, असे अनुमान 2001 मध्ये मांडले गेले. त्याच वर्षी वेगळ्या एका प्रयोगात मेंढ्यांना वर्षभर रोज वीस मिनिटे 30 हर्ट्झची सौम्य कंपने दिल्यावर त्यांच्या मांडीच्या हाडाची घनता वाढलेली आढळली होती. पण मेंढी यंत्राच्या फळीवर उभी होती. मांजराच्या गळ्यातली कंपने मोडलेल्या पायापर्यंत तेवढ्या जोराने पोहोचतात आणि हाड सांधतात, हे कोणी सिद्ध केलेले नाही. घुरघुरून मांजर स्वतःला शांत करत असावे किंवा जवळच्याची सोबत मागत असावे, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे.

म्हणून घुरघुरीवरून प्रकृतीचा अंदाज बांधू नये. मांजर कोपऱ्यात दडून बसत असेल, लंगडत असेल किंवा दिवसभर खाण्याला तोंड लावत नसेल, तर ते घुरघुरत असले तरी पशुवैद्याकडे न्यावे.