पुरवणी बांधली, पण आकडा लिहिला का?

२०१७च्या उन्हाळी परीक्षेत मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. उत्तरपत्रिका गहाळ झाल्याच्या, सरमिसळ झाल्याच्या तक्रारी त्या काळात रोज येत होत्या. त्या सगळ्यात पुरवणी ही मोठी डोकेदुखी ठरली होती. मुख्य उत्तरपत्रिका बांधीव असते, तिच्यावर बारकोड असतो. पुरवणी मात्र सुटी. ती दोऱ्याने बांधलेली असते. स्कॅनिंगसाठी दोरा सोडला की ती कोणाची हे तिच्यावरच्या आकड्यांवरूनच कळणार.

त्यावर विद्यापीठाने उपाय काढला तो पुरवणीच बंद करण्याचा. ४० पानांची मुख्य उत्तरपत्रिका मिळेल, त्यातच लिहा, असं परिपत्रक निघालं. कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनीने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाने विद्यार्थ्यांना दिलासा दिला. मला तो योग्य वाटतो. मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्या किंवा सविस्तर मांडणी करणाऱ्या मुलांनी कार्यालयाच्या सोयीसाठी उत्तर आखडतं का घ्यावं? पण सुट्या कागदाचा माग ठेवणं अवघड असतं, ही विद्यापीठाची अडचणही खोटी नव्हती. पुरवणीचे सगळे नियम या एकाच अडचणीतून आलेले आहेत.

मुख्य उत्तरपत्रिका भरल्याशिवाय पुरवणी मिळत नाही. पर्यवेक्षक पानं उलटून पाहतात, मधे कोरं पान दिसलं तर आधी ते वापरायला सांगतात. पुरवणी देताना ते तिच्यावर सही करतात, तिचा क्रमांक आपल्या अहवालात विद्यार्थ्याच्या बैठक क्रमांकापुढे लिहितात आणि तिथे विद्यार्थ्याची सही घेतात. घाईत असलेल्या मुलाला ही अडवणूक वाटते. पण कोरी पुरवणी वर्गाबाहेर गेली तर घरून लिहून पुढच्या पेपरला आत येऊ शकते. असे प्रकार झालेले आहेत, म्हणूनच उत्तरपत्रिका बाहेर नेणं किंवा लिहिलेली आत आणणं हे गैरप्रकारांच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदवलेलं असतं. घेतलेली पुरवणी कोरी राहिली तरी ती जोडूनच द्यायची, हा नियमही त्यासाठीच. सही नसलेली पुरवणी तपासणीत संशयास्पद ठरते. म्हणून सही राहिली असेल तर विद्यार्थ्याने स्वतः हात वर करून ती मागून घ्यावी.

आता एक उदाहरण घेऊ. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीचा लेखांकनाचा पेपर अकरा ते दोन आहे. तिने एक वाजून वीस मिनिटांनी पहिली पुरवणी घेतली आणि त्याच वेळी मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या ‘जोडलेल्या पुरवण्या’ या चौकटीत १ लिहून टाकला. दोनला दहा कमी असताना दुसरी घेतली. घंटा झाली, तिने दोन्ही पुरवण्या दोऱ्याने बांधल्या आणि उत्तरपत्रिका दिली. चौकटीत मात्र १ तसाच राहिला.

मूल्यमापन केंद्रावर गठ्ठे हाताळताना तिच्या दोऱ्याची गाठ सुटली आणि दुसरी पुरवणी खालच्या कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेत गेली. तिथल्या कर्मचाऱ्याने आकडा पाहिला. चौकटीत एक, हातात एक. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. परीक्षकाला पाचवं उत्तर ताळेबंदाच्या मधेच तुटलेलं दिसलं, पण वेळ संपला असेल असं समजून त्याने आहे तेवढ्याचे गुण दिले. मुलगी थोडक्यात नापास झाली.

तिने छायांकित प्रत मागवली तेव्हा दुसरी पुरवणी त्यात नव्हती. तिने अर्जात तारीख, केंद्र, वर्ग क्रमांक लिहून ‘दोन पुरवण्या घेतल्या, पर्यवेक्षकांच्या अहवालात माझ्या दोन सह्या आहेत’ असं स्पष्ट मांडलं. अहवाल काढला गेला, त्यात दुसऱ्या पुरवणीचा क्रमांक होता आणि त्यावरून गठ्ठ्यात शोध घेता आला. अहवालातली ती एक ओळ नसती तर तिच्याकडे सांगण्यापलीकडे काही उरलं नसतं. आणि चौकटीत २ असता तर केंद्रावरच कोणीतरी थांबून विचारलं असतं की दुसरी कुठे आहे. म्हणून पुरवण्यांचा आकडा सर्वांत शेवटी, बांधून झाल्यावर, मोजून लिहायचा. मधे लिहिलाच असेल तर तो दुरुस्त करून पर्यवेक्षकांना दाखवायचा.

पुरवणीवर काय लिहायचं, हे विद्यापीठागणिक बदलतं. कुठे बैठक क्रमांक लिहायचा असतो, तर कुठे फक्त मुख्य उत्तरपत्रिकेचा क्रमांक. त्यामुळे वर छापलेल्या सूचना वाचायला पर्याय नाही. नाव मात्र आत कुठेही लिहायचं नाही. ओळख उघड करणं हा गैरप्रकार मानला जातो, मग ते ‘कृपया पास करा’ अशा विनंतीखाली केलेल्या सहीतून का असेना. दुसरी एक साधी सवय लावून घ्यावी : पुरवणीत उत्तर पुढे चालू असेल तर प्रश्नाचा क्रमांक पुन्हा लिहावा आणि आधीच्या पानाच्या तळाशी ‘पुढे पुरवणी १ वर’ असं नोंदवावं. परीक्षकाला पुरवणी नसेल तर ती शोधायला हवी, हे त्यावरून कळतं. आपल्या उदाहरणातल्या परीक्षकाला नेमकं हेच कळलं नव्हतं.

कच्च्या कामाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या परीक्षेत त्यासाठी सहसा सुटा कागद देत नाहीत, कारण तो शेजारच्या बाकावर सहज सरकवता येतो. कच्चं काम उत्तरपत्रिकेतच, शेवटच्या पानावर किंवा सूचनेत सांगितलेल्या जागी करायचं, त्यावर ‘कच्चे काम’ लिहायचं आणि तिरकी रेघ मारायची. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहायचं नाही. तिथे केलेली आकडेमोड निरुपद्रवी असली तरी चौकशी मागे लागू शकते.

यात एक नुकसान दरवर्षी होतं. वाणिज्य शाखेत घसारा, नफ्याची वाटणी, भांडवलाचा हिशेब यांच्या ‘वर्किंग नोट्स’ना गुण असतात. त्या उत्तराचाच भाग आहेत. मुलं त्या शेवटच्या पानावर करतात आणि सवयीने रेघ मारतात. रेघ मारलेला मजकूर परीक्षक तपासत नाही. उत्तर चुकलं पण रीत बरोबर होती, अशा वेळी जे गुण हमखास मिळाले असते ते त्या रेघेखाली जातात. गणित आणि अभियांत्रिकीच्या पायऱ्यांचंही तेच. जी आकडेमोड उत्तर कसं आलं हे दाखवते, ती उत्तराखालीच, चौकट करून लिहावी. रेघ मारायची ती गुणाकार-भागाकारावर.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये सीबीएसई आणि आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखालची माहिती आहे आणि परीक्षार्थी ती पाहू शकतो, असा निर्णय दिला. विद्यापीठांची छायांकित प्रतीची स्वतःची पद्धतही आहे आणि तिची मुदत निकालानंतर लवकर संपते. प्रत हाती आली की गुणांची बेरीज करण्याआधी पुरवण्या मोजा. एखादी कमी असेल तर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर थांबू नका. पुनर्मूल्यांकनात समोर आहे तेवढंच तपासलं जातं. परीक्षा विभागाला वेगळं लेखी पत्र द्या, पर्यवेक्षकांचा अहवाल पाहण्याची मागणी करा आणि पत्राच्या पोच प्रतीवर शिक्का घ्या.