हे खरे आहे काय?

टोमॅटोवर 'तिरंगा' विषाणू आला असून तो माणसालाही घातक आहे, अशी बातमी मे २०२० मध्ये पसरली. नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर संसार चालणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला ती जिव्हारी लागणारी होती. अशा मजकुराचे आधी दोन तुकडे करावेत.

पिकावर रोग होता काय? होता. फळे एकसारखी न पिकता रंगीबेरंगी होत, म्हणून शेतकऱ्यांनीच त्याला 'तिरंगा' म्हटले. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. तो मावा किडीमार्फत झाडांत पसरतो.

माणसाला होतो काय? याचा पुरावा बातमीत नव्हता. वनस्पतींचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. खऱ्या रोगाला खोटी भीती चिकटवली होती. मात्र कोणी आजारी असल्यास निदान डॉक्टरांनीच करावे.