नोंदी जुळल्या, दूध जुळलं नाही

समजा, एका सहकारी दूध संघाची चारशे गावांत संकलन केंद्रं आहेत. शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ यांची नोंद केंद्रावरच्या संगणकात होते. रात्री पाइपलाइन या सगळ्या नोंदी संघाच्या वेअरहाउसमध्ये आणते आणि दर दहा दिवसांचं बिल तिथल्या आकड्यांवरून निघतं. वाटेत काही हरवलं, तर ते शेतकऱ्याच्या पैशांतून जातं.

पहिली तपासणी मोजणीची: केंद्रांवर किती नोंदी, वेअरहाउसमध्ये किती? ही सोपी गोष्टही अडते ती घड्याळापाशी. वेअरहाउस बहुधा यूटीसी वेळेवर चालतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे पहाटे ५.१० ला घातलेलं दूध तिकडे आदल्या दिवशीचं ठरतं. दोन्हीकडे भारतीय वेळेनुसार एकच दिवस धरल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

आता दोन्हीकडे ४८,००० नोंदी आल्या. तरी निश्चिंत होऊ नये. एका केंद्राचं नेटवर्क तुटलं, तिथल्या बारा नोंदी पोचल्याच नाहीत आणि जोडणी परत आल्यावर दुसऱ्या बारा नोंदी दोनदा गेल्या. मोजणी बरोबर, हिशोब चुकीचा. लिटरची बेरीज केली की ३१.५ लिटरचा फरक दिसतो. तीच बेरीज केंद्रवार केली की ३९९ केंद्रं जुळतात आणि नेमकं एक उरतं.

त्या एका केंद्रासाठी प्रत्येक नोंदीचा चेकसम काढतात: सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट एका ओळीत जोडायचे आणि त्यावरून एक ठसा तयार करायचा. ठसा न जुळणारी नोंद लगेच सापडते. पण एकीकडे फॅट 4.1 आणि दुसरीकडे 4.10 लिहिलेलं असेल, तरी ठसे वेगळे निघतात, म्हणून आधी लिहिण्याची पद्धत एक करावी लागते. आणखी एक खोच आहे. MySQL मध्ये `CONCAT` ने जोडताना एक जरी रकाना रिकामा असला, तरी अख्खी ओळ NULL होते आणि ठसाच उरत नाही. रिकाम्या जागी आधी ठरलेली खूण भरावी.

रिकाम्या रकान्यांचं प्रमाण वेगळं बघायचं. केंद्रांवर फॅटचा रकाना हजारात तीन वेळा रिकामा असतो आणि वेअरहाउसमध्ये अचानक हजारात साठ वेळा, तर पाइपलाइननं फॅट गाळलं. बहुतेकदा एखाद्या नव्या यंत्रात त्या रकान्याचं नाव बदललेलं असतं.

दोन्हीकडे साठच असतील, तर मात्र ही जुळवणी गप्प बसते, कारण बिघाड केंद्रावरच्या यंत्रात आहे आणि पाइपलाइननं तो इमानानं पोचवला. तो पकडायला आजचं प्रमाण कालच्या, परवाच्या प्रमाणाशी ताडून पाहावं लागतं. आणि कुठलीही तपासणी फसली, की बिलाचं काम तिथेच थांबवून आधी त्या केंद्राला फोन करायचा.